वजन उतरवायचं होतं, त्यानं भाकरी वाढवली

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'उतारवयातील आरोग्य' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. मी डॉक्टर नाही. उभी नोकरी बँकेत गेली, थोडी नांदेडला, थोडी लातूरला. त्यामुळे आरोग्यावर व्याख्यान देण्याचा मला अधिकार नाही. पण माझ्याजवळ दोन पानांची एक नोट आहे. आमच्या ट्रेनरनं ती मला गेल्या गुढीपाडव्याच्या सुमारास लिहून दिली. आज मी तीच तुम्हाला वाचून दाखवणार आहे, आणि मध्ये मध्ये माझे शेरे मारणार आहे. नोटवर शेरा मारल्याशिवाय सही करायची नाही ही जुनी सवय आहे, ती जात नाही.

नोट का लिहावी लागली ते आधी सांगतो. माझा उजवा गुडघा गेलेला आहे हे तुम्ही लिफ्ट बंद असते तेव्हा पाहताच. जानेवारीत हाडांच्या डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं, सांधा बदलावा लागेल, पण आधी आठ-दहा किलो वजन उतरवा. तेव्हा वजन 86 किलो, उंची 166 सेंटीमीटर, वय 73. मी मनाशी ठरवलं, तीन महिन्यांत दहा किलो. टार्गेट आलं की बँकवाल्याच्या अंगात काय येतं हे ज्यांनी मार्च महिना पाहिला त्यांना सांगायला नको.

संक्रांत झाली आणि मी सुरू केलं. लातूरला असताना डॉ. जगन्नाथ दीक्षित सरांची दोन वेळा जेवणाची पद्धत घराघरात ऐकलेली, त्याआधी डॉ. श्रीकांत जिचकारांचं नावही ऐकलेलं. पण प्रामाणिकपणे सांगतो, मी त्यांची पद्धत पाळलीच नाही. त्यात दोन वेळा, पंचावन्न मिनिटांच्या आत, भुकेप्रमाणे जेवा असं आहे. मी दोन वेळा धरल्या आणि जेवण सोडलं. सकाळी बिनसाखरेचा चहा आणि एक फळ, दुपारी एक भाकरी आणि पालेभाजी, रात्री मुगाचं पातळ कढण. मोबाईलवर हिशोब केला तर दिवसाला 1050 कॅलरी. सहा आठवड्यांत साडेपाच किलो उतरले. पुढच्या चार आठवड्यांत मात्र जेमतेम अर्धा. काटा 80 वर अडला तो अडलाच.

तेव्हा मी आपल्या मागच्या गल्लीतल्या व्यायामशाळेत गेलो. तिथला ट्रेनर मूळचा लातूरकडचा, बीपीएड झालेला, पस्तिशीच्या आतला पोरगा. मी त्याला म्हणालो, "बाबा, मला 900 वर आण. लवकर उतरलं पाहिजे." त्यानं आठ दिवस मला फक्त वही लिहायला लावली, टेपनं मापं घेतली, खुर्चीवरून उठायला-बसायला लावलं आणि मग म्हणाला, "काका, 900 नाही, 1500 करा."

मी म्हणालो, लेखी दे. मी वजन कमी करायला आलो आणि तू खाणं वाढवतोस, हे तोंडी मंजूर होणार नाही. तो हसला, पण दुसऱ्या दिवशी खरंच दोन पानं लिहून आणली. आता वाचतो.

"काका, सा. न. तुम्ही वजन कमी नाही करू लागलात, तुम्ही पाय कमी करू लागलात. तुमच्या कंबरेचा घेर जानेवारीत तुम्हीच मोजला होता 106 सेंटीमीटर, आता 104 आहे. म्हणजे दोन कमी. मांडीचा घेर तेव्हा शिंप्यानं पायजम्यासाठी घेतला होता, तो आज तीन सेंटीमीटर कमी भरला. पोट राहिलं आणि मांडी गेली. काट्याला दोन्ही सारखंच. तो फक्त किलो सांगतो, कशाचे किलो ते सांगत नाही."

माझा शेरा : हे वाचून मला जरा लाज वाटली. ब्रँचच्या ठेवी वाढल्या एवढंच पाहून खूश होणाऱ्या मॅनेजरला मी किती वेळा विचारलं होतं, ठेवी कुठल्या, किती दिवसांच्या?

पुढे तो लिहितो, "पहिल्या आठवड्यात तुमचे अडीच किलो गेले, त्यावर तुम्ही सगळं गणित बांधलंत. ते बरंचसं पाणी होतं. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा एक साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. खाणं एकदम तोडलं की हा साठा आधी उपसला जातो आणि पाणी निघून जातं. काटा झरझर उतरतो, माणूस खूश होतो. त्यानंतर चरबीची पाळी येते. पण प्रोटीन कमी असेल, वय सत्तरीच्या पुढं असेल आणि स्नायूंना कामच नसेल, तर शरीर चरबीसोबत स्नायूही मोडतं. तुमच्या वहीत दिवसाचं प्रोटीन 35 ग्रॅम निघालं. तुमच्या वयाला किलोमागे निदान एक ग्रॅम पाहिजे, म्हणजे 80."

इथे मी त्याला थांबवून विचारलं होतं की सगळ्यांना एवढंच लागतं का. तो म्हणाला, सर्वसाधारण निरोगी प्रौढाला आपल्याकडच्या आयसीएमआरचा आकडा किलोमागे 0.83 ग्रॅमचा आहे. उतारवयात शरीराला तेवढ्याच प्रोटीनमधून कमी स्नायू बांधता येतो, म्हणून म्हाताऱ्यांसाठी तज्ज्ञ 1 ते 1.2 सांगतात. पण आधी क्रिएटिनिन तपासून या, मूत्रपिंड अशक्त असेल तर हा आकडा डॉक्टर ठरवतील, मी नाही. मी तपासून आणलं, ठीक निघालं, मगच पुढचं सुरू झालं. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही खाणं कमी-जास्त करण्याआधी डॉक्टरांना विचारावं असं त्यानं नोटच्या कडेला लिहिलं आहे, कारण काही गोळ्यांवर खाणं तुटलं तर साखर एकदम खाली जाते.

आता नोटमधला मला सर्वात झोंबलेला भाग.

"तुम्ही रोज 1050 खाता असं म्हणता. सोमवार ते शुक्रवार ते खरं आहे, वही बरोबर आहे. पण शनिवारी तुमचा उपास असतो. त्या दिवशी सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी दोन मुठी शेंगदाणे आणि गूळ, रात्री भगर आणि दाण्याची आमटी. एक मूठ शेंगदाणे म्हणजे तीसेक ग्रॅम, त्याच्या 170 कॅलरी होतात. मी मोजलं, शनिवार 2000 वर जातो. रविवारी नातवंडं येतात, मिरचीभजी असतात, जिलेबी असते, तो 2200. आठवड्याची बेरीज 9450. सातनं भागा. 1350 येतात."

मी भागून पाहिलं. बरोबर 1350. पाच दिवसांची काटकसर दोन दिवसांत फिटत होती. उपासाच्या दिवशी मी सर्वात जास्त खात होतो हे घरात कोणी मला सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं, ते सौभाग्यवती समोर बसल्या आहेत म्हणून सोडून देतो.

तो लिहितो, "ही तुमची चूक नाही. पाच दिवस 1050 वर राहिलेला माणूस सहाव्या दिवशी शेंगदाण्याच्या डब्याकडे जाणारच. त्यामुळे मी कागदावर 450 वाढवतोय, पण खरी वाढ 150 आहे. फरक एवढाच की ती सातही दिवस सारखी राहील, आणि तिच्यात दाणे-गुळाऐवजी डाळ असेल."

मंडळी, हा मुद्दा मला पटायला दोन दिवस लागले, म्हणून तुमच्यासाठी पुन्हा सांगतो. त्यानं माझं खाणं जवळजवळ वाढवलंच नव्हतं. मी जे मोजत नव्हतो ते त्यानं हिशोबात आणलं आणि आठवडाभर सारखं पसरलं.

पण मग काटा का अडला? 1350 वर सुद्धा उतरायला हवं होतं. यावर तो लिहितो,

"तुमचं वय, उंची, वजन सूत्रात घातलं तर बसून-उठून दिवसाचा खर्च 1850 च्या आसपास यायला हवा. सूत्र म्हणजे अंदाज. खरं उत्तर तुमचा काटा देतो. चार आठवड्यांत अर्धा किलो उतरला. एक किलो चरबीत 7700 कॅलरी धरल्या तर दिवसाला तूट फक्त 140 च्या आसपास होती. म्हणजे तुमचा खर्च आता 1500 च्या जवळ आला आहे. मधले साडेतीनशे कुठं गेले? थोडं सूत्र चुकलं असेल, थोडं अंगावर पाणी धरलं असेल, कारण लोणचं-पापड तुम्ही सोडलेलं नाही. पण मोबाईलमधली पावलं बघा. जानेवारीत दिवसाला 4500, मार्चमध्ये 1900. गुडघा तेवढाच दुखत होता. तुम्ही बसून राहायला लागलात. काकू म्हणाल्या, फोन वाजला तरी उठत नाहीत, दुपारी झोपतात, मार्चमध्ये शाल घेतात. शरीराला आवक कमी दिसली, त्यानं खर्च कमी केला."

इथे मला 1972 आठवलं. तुमच्यापैकी माझ्या वयाचे जे आहेत त्यांना तो दुष्काळ सांगायला नको. सुकडी आणि लाल मिलो खाल्लेली आपली पिढी. गावात गेलं की कामावरून आलेली माणसं भिंतीला टेकून बसलेली दिसायची, बोलायची सुद्धा नाहीत. आम्हाला तेव्हा वाटायचं ती खचली आहेत. खचली होतीच. पण शरीर आपलं आपण जपत होतं, हेही त्यात होतं हे मला पन्नास वर्षांनी कळलं.

ट्रेनरनं दाखला दिला आहे तो मात्र अमेरिकेतला. तो मी नंतर वाचूनही पाहिला. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा युरोपात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं हे कुणाला नीट माहीत नव्हतं. मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञानं 36 तरुणांवर प्रयोग केला. हे युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले, स्वखुशीनं आलेले तरुण होते. 1945 मध्ये 24 आठवडे त्यांचं जेवण जवळपास निम्म्यावर आणलं, आणि दर आठवड्याला 22 मैल चालायला लावलं. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शानं घटलं. त्यांना थंडी वाजायची, जिना चढवत नसे, दिवसभर जेवणाच्याच गोष्टी, पाककृतीची पुस्तकं वाचत बसायचे. पडल्या पडल्या शरीराला लागणारी ऊर्जाही बरीच खाली आली. आणि पायांवर सूज आली, म्हणजे आत मांस घटत असताना काटा पाण्यामुळे ते लपवत होता. कीजनं हे सगळं 1950 मध्ये दोन खंडांत छापलं.

ट्रेनरनं त्याखाली लिहिलं आहे, "काका, ती पोरं सडपातळ होती, तुम्ही नाही. तुमच्याकडे चरबीचा साठा आहे, त्यामुळे त्यांच्याएवढं काही होणार नाही. पण दिशा तीच आहे." हे त्यानं लिहिलं म्हणून माझा त्याच्यावर विश्वास बसला. नाहीतर आजकाल कोणी काही छापतं. आणखी एक वाक्य त्यानं खाली रेघ मारून लिहिलं आहे : "जास्त खाल्लं की चरबी आपोआप जळते असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तसं होत नाही. आजच्या तुमच्या खर्चावर 1500 म्हणजे जमा-खर्च सारखा, चरबी उतरणार नाही. मी आवक वाढवतोय ती तुमच्याकडून काम करून घेण्यासाठी. तुम्ही उठाल, फिराल, मांडीला ताण द्याल, तेव्हा खर्च वाढेल आणि तूट तिथून येईल."

म्हणजे घसरलेल्या युनिटला आणखी पिळण्याऐवजी खेळतं भांडवल देऊन आधी चालू करायचं. आम्ही लातूरला हे कितीतरी वेळा केलं आहे. काही वेळा फसलंही आहे, तो वेगळा विषय.

नोटच्या शेवटी त्यानं माझ्या ऑपरेशनचं लिहिलं. "डॉक्टर नवा सांधा बसवतील. पण दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं राहायचं ते मांडीच्या पुढच्या स्नायूवर. तो स्नायू तुम्ही विकून वजन उतरवलंत तर डॉक्टरांकडे 76 किलोचा माणूस जाईल पण त्याला उभं राहता येणार नाही. मी तुम्हाला खुर्चीवर बसवलं, हात छातीवर घ्यायला लावले आणि 30 सेकंदांत किती वेळा उभे राहता ते मोजलं. तुम्ही 7 वेळा उभे राहिलात. तुमच्या वयाच्या पुरुषाला 12 पेक्षा कमी म्हणजे सरासरीच्या खाली, पडण्याचा धोका जास्त. मला काटा नको, मला हे 12 पाहिजेत." खाली सही आणि तारीख.

मी शेरा मारला : मंजूर, चार महिन्यांच्या मुदतीवर, दर महिन्याला पुनर्विलोकन.

आता पुढं काय झालं ते सांगतो, कारण नोट वाचून कुणी उद्यापासून दोन भाकऱ्या वाढवायला नको.

स्वयंपाकघरात बदल काय झाला तर फारसा नाही. सकाळी मुगाची दोन धिरडी आणि वाटीभर दही. दुपारी दीड भाकरी, भाजी आणि वरण, पण वरण घट्ट. त्यात एका माणसाची तुरीची डाळ 40 ग्रॅम मोजून. हे मोजणं सौ.ना पटलं नाही, डाळ काय सोनं आहे का म्हणाल्या, पण पहिले पंधरा दिवस मोजल्यावर कळलं की आमच्या घरात 'वरण' म्हणून जे वाढलं जातं त्यात डाळ वीस ग्रॅमसुद्धा नसायची. चार वाजता मूठभर फुटाणे. रात्री एक भाकरी, दही, आणि सोयाबीनच्या वड्यांची भाजी, वड्या कोरड्या 40 ग्रॅम. झोपताना पेलाभर दूध. तेल चार चमचे, दिवसभरात, त्यापेक्षा जास्त नाही.

ट्रेनरनं अंडी सुचवली होती. आमच्याकडे चालत नाहीत, म्हणून वड्या आल्या. आणि यात मला एक गंमत वाटली. लातूरच्या बाजारात हंगामात सोयाबीनचे ढीग पाहण्यात माझी वर्षं गेली, पीक कर्जाच्या फायली त्यावरच. त्या वड्यांत निम्म्याच्या वर प्रोटीन असतं, 40 ग्रॅममध्ये सुमारे 20. आपण पिकवतो, विकतो, आणि घरी खात नाही. चवीला त्या काही फार नाहीत, हे खरं. येसर घातला की चालतात.

शनिवारचा उपास मी सोडला नाही. पण साबुदाण्याच्या जागी राजगिऱ्याची भाकरी, दही आणि दूध आलं, दाणे मोजून एक मूठ. त्या दिवशी आता 1500 च्या आसपास होतात. रविवारी नातवंडांबरोबर दोन भजी खातो. दोन म्हणजे दोन.

व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळून पाच अंक मोजायचे. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. उंच खुर्चीवरून उठणं-बसणं, सुरुवातीला बसायच्या जागी उशी ठेवून, कारण जितकं उंच तितका गुडघ्यावर ताण कमी. भिंतीवर हात टेकून जोर. शेवटच्या महिन्यात रबरी पट्टा आला. दुखणं दुसऱ्या दिवशी आदल्यापेक्षा जास्त वाटलं तर तो व्यायाम कमी करायचा, ही त्याची अट. चालणं पार्किंगमध्ये, दोन-दोन फेऱ्या, दिवसातून चार वेळा.

पहिले दहा दिवस वाईट गेले. काटा 80 वरून 80.9 वर गेला. मी सकाळी सात वाजता त्याला फोन केला आणि म्हणालो, तुझी नोट फेल. तो शांत होता. "काका, साठा भरू लागलाय, त्याच्याबरोबर पाणी येणारच. नोटच्या मागच्या पानावर बघा." मागच्या पानावर पेन्सिलनं लिहिलेलं होतं, 'पहिल्या दोन आठवड्यांत एक किलोपर्यंत वाढेल, घाबरून फोन करू नका.' मी मागचं पान वाचलंच नव्हतं. इतकी वर्षं लोकांना सांगत आलो की सही करण्याआधी मागचं पान वाचा.

तिसऱ्या आठवड्यात दुपारची झोप गेली. शाल कपाटात गेली, अर्थात तोपर्यंत नांदेडचा एप्रिल लागला होता, त्याचं श्रेय भाकरीला किती द्यायचं माहीत नाही. पावलं महिन्याभरात 4000 वर आली. काटा पाचव्या आठवड्यापासून हलू लागला, तोही हळू, आठवड्याला कधी दोनशे ग्रॅम, कधी काहीच नाही. रोज वजन करायचं पण रोजचं बघायचं नाही, आठवड्याची सरासरी काढून मागच्या सरासरीशी ताडायची, असं त्यानं शिकवलं. मीठ जास्त झालं, पोट साफ नसलं, तरी काटा एक किलो इकडे-तिकडे होतो.

सोळा आठवड्यांनी, जुलैच्या शेवटी, वजन 77.5. म्हणजे चार महिन्यांत फक्त अडीच किलो. संक्रांतीनंतरच्या सहा आठवड्यांत मी साडेपाच उतरवले होते. पण कंबर 104 वरून 99 वर आली. मांडी एक सेंटीमीटर वाढली. आणि खुर्चीवरून तीस सेकंदांत 12 वेळा उठलो, बारावं थोडं डगमगत.

हाडांच्या डॉक्टरांनी ऑगस्टमध्ये पाहिलं. दहा किलो झाले नाहीत, साडेआठ झाले, तरी म्हणाले चालेल. मांडी दाबून पाहिली आणि विचारलं कुणाकडे जाता. दिवाळीनंतरची तारीख दिली आहे. त्यामुळे ऑपरेशनमध्ये या सगळ्याचा किती उपयोग झाला हे मला आज सांगता येत नाही.

एक इशारा मात्र देतो, कारण भाषण संपल्यावर चहाच्या वेळी नेहमीप्रमाणे उलटा अर्थ निघेल. ही नोट माझ्या केसची आहे. मी खरोखर कमी खात होतो, प्रोटीन निम्मं होतं, पावलं घसरली होती आणि मांडी बारीक झाली होती. या चार गोष्टी जुळल्या म्हणून त्यानं वाढवलं. ज्यांचं वजन अडलंय पण वही लिहिलेली नाही, त्यांनी आधी आठ दिवस वही लिहावी. त्यात शनिवार-रविवार धरावेत, चहातली साखर आणि चहाबरोबरची खारी धरावी. बहुतेकांची आवक कमी नसतेच, ती नोंदलेली नसते. त्यांनी भाकरी वाढवली तर फक्त वजन वाढेल, आणि नाव माझं घेतलं जाईल. कमी खाऊनही वजन हलत नसेल, थकवा असेल, तर थायरॉइड, बी-12 हेही डॉक्टरांकडून पाहून घ्यावं. ते काम ट्रेनरचं नाही, असं त्या पोराचंच म्हणणं आहे.

अध्यक्ष साहेब घड्याळ दाखवत आहेत. खुर्चीची चाचणी करून बघायची तर घरी करा, इथे नाही. या हॉलमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या मागे सरकतात. घरची लाकडी, हात नसलेली खुर्ची घ्या, साधारण दीड फूट उंचीची, तिची पाठ भिंतीला लावा. दोन्ही हात छातीवर, पाय जमिनीवर पूर्ण टेकलेले. कुणीतरी शेजारी उभं राहून मोबाईलवर तीस सेकंद लावावेत. पूर्ण उभं राहिलं तरच एक धरायचं. हात टेकवावा लागला तर शून्य लिहायचं, लाजायचं नाही. सत्तर ते चौऱ्याहत्तरच्या पुरुषांना 12 च्या आत आले तर, बायकांना त्याच वयात 10 च्या आत आले तर, वजनाच्या काट्यावर चढण्याआधी डॉक्टरांशी बोला. चाचणीआधी चक्कर येत असेल किंवा छातीत दुखत असेल तर करूच नका.

ज्यांना नोटची झेरॉक्स पाहिजे त्यांनी माझ्याकडून न्यावी, दोन्ही बाजूंची.